दोन पत्त्यांची गोष्ट : इतिहासाच्या पॉडकास्टसाठी मोकळी वाट कशी शोधावी



इतिहासाची आवड असलेला माणूस पॉडकास्ट काढायला बसला की तो आधी विषय शोधतो. एवढ्या मोठ्या दुनियेत अजून कुणी न सांगितलेला विषय कुठून आणायचा, म्हणून मग तो अडतो. मी जर्मनीत राहतो आणि इथले इतिहासाचे पॉडकास्ट बरीच वर्षे ऐकतो. त्यावरून माझे मत असे झाले आहे, की विषयापेक्षा साचा आधी ठरवावा. गर्दी बहुतेक वेळा साच्याची असते. विषय जुनाच असला तरी चालतो, पण तो कुठून उचलायचा आणि कुठे नेऊन ठेवायचा याचा नियम आपला हवा. मी ठरवलेला नियम 'दोन पत्ते' असा आहे. तो कसा ठरला, कसा चालतो आणि कुठे अडतो, ते या लेखात सांगतो.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी एक वाक्य. पॉडकास्ट म्हणजे रेडिओवरच्या कार्यक्रमासारखाच बोलका कार्यक्रम. फक्त तो ठरलेल्या वेळी लागत नाही, आपल्याला हवा तेव्हा मोबाईलवर लावायचा. त्याला स्टुडिओ लागत नाही, म्हणून कोणीही काढू शकतो. गर्दी होते ती त्यामुळेच.

जर्मनीत गर्दी कुठे आहे

इथे तीन साचे फार चालतात. पहिला दोन मित्रांच्या गप्पांचा. 'गेशिख्टन आउस डेर गेशिख्ट', म्हणजे 'इतिहासातल्या गोष्टी', हा 2015 साली सुरू झालेला पॉडकास्ट त्याचा नमुना आहे. डानिएल मेसनर आणि रिचर्ड हेमर हे दोन इतिहासकार दर आठवड्याला एक गोष्ट सांगतात. एकदा हा, एकदा तो; आणि ऐकणाऱ्या मित्राला गोष्ट कोणती ते आधी माहीत नसते. मोठा छान साचा आहे, पण तो त्यांनी इतका पक्का केला आहे की दुसऱ्या कुणीही तसे केले तर नक्कलच वाटते. शिवाय त्याला मित्र लागतो, आणि तोही दर आठवड्याला मोकळा असलेला.

दुसरा साचा दिनविशेषाचा. पश्चिम जर्मन रेडिओ 'डब्ल्यूडीआर' याच्या 'त्साइटत्साइखन' या कार्यक्रमात 1972 पासून रोज कुणाची तरी जयंती, पुण्यतिथी किंवा एखादी घटना सुमारे पंधरा मिनिटांत सांगतात. पगारी लेखक, संग्रहालय आणि निवेदक पाठीशी असलेल्या संस्थेशी हौशी माणसाने तारखांची स्पर्धा करू नये.

तिसरा साचा आपल्या विषयाला फार जवळचा आहे. जर्मनीच्या गावागावांतल्या फुटपाथवर दहा सेंटिमीटर चौरसाच्या पितळी पाट्या बसवलेल्या दिसतात. त्यांना 'श्टोल्परश्टाइन', म्हणजे ठेच लागण्याचा दगड, म्हणतात. गुंटर डेमनिग नावाच्या कलावंताने 1990 च्या दशकात हे काम सुरू केले आणि 2023 साली एक लाखावा दगड बसला. नाझींनी छळलेला माणूस आपल्या मर्जीने जिथे शेवटचा राहिला, त्या घरासमोर त्याचा दगड असतो. 'इथे राहत होता', मग नाव, जन्मसाल आणि पुढे काय झाले ते. या दगडांवर इथल्या रेडिओ संस्थांनी ऐकण्याजोग्या छोट्या गोष्टी तयार केल्या आहेत. म्हणजे 'एक पत्ता, एक माणूस' हाही साचा झाला.

पण हे दगड नीट वाचा. जे लोक जीव वाचवून निघाले त्यांच्या दगडावर शेवटी 'पलायन', एक वर्ष आणि एका देशाचे नाव एवढेच असते. इथली गोष्ट तिथे संपते. त्या देशात पुढे काय झाले, कोणत्या गल्लीत खोली मिळाली, शेजारी कोण होते, हे जर्मन निवेदकाला सहसा माहीत नसते. आता आपल्या बाजूने बघा. मुंबईत आपल्या आजीआजोबांच्या बोलण्यात 'तो जर्मन डॉक्टर', 'ती पियानो शिकवणारी बाई' असे उल्लेख यायचे. तिथे गोष्ट मधूनच सुरू होते, कारण तो डॉक्टर कुठल्या गावचा, कुठल्या रस्त्यावरचा, हे आपल्याला माहीत नसते. अर्धी गोष्ट इथे, अर्धी तिथे. मधला सांधा रिकामा आहे. मोकळी जागा म्हणतात ती ही.

गर्दी मोजायची कशी

'असे कुणी केले नसेल' असे नुसते वाटून उपयोगाचे नाही, तपासावे लागते. मोबाईलवरच्या पॉडकास्टच्या यादीत तीन वेगवेगळ्या प्रकारे शोध घ्यावा. आधी विषयाने : मुंबई, ज्यू, निर्वासित. मग साच्याने : पत्ता, घर, रस्ता. मग भाषेने : मराठीत इतिहास. जर्मन कार्यक्रमांसाठी fyyd.de ही यादी चांगली आहे.

जे सापडेल त्याची संख्या मोजून घाबरू नये. प्रत्येकाचा शेवटचा भाग कधी आला ती तारीख बघावी. बरेच कार्यक्रम पाचसहा भागांनंतर बंद पडलेले असतात. ते यादीत दिसतात, पण गर्दीत मोजायचे नाहीत. उलट त्यांच्यापासून शिकायचे असते : हा साचा सहा भागांत का संपला? बहुधा त्या माणसाकडे सहाच गोष्टी होत्या.

मराठीत शोध घेतला तर शिवकाल, पेशवाई आणि गडकिल्ले यांची रेलचेल आहे. ते साहजिक आहे. पण साचा वेगळा असेल तर त्या गर्दीतही जागा निघते. पुरंदर घ्या. मुरारबाजी आणि तह या गोष्टी शंभर जणांनी सांगितल्या असतील. दुसऱ्या महायुद्धात याच पुरंदरावर इंग्रज सरकारने जर्मन नागरिकांना कुटुंबांसह नजरकैदेत ठेवले होते, आणि त्यांत नाझींपासून पळून आलेले ज्यूही होते, ही गोष्ट किती जणांनी सांगितली? पासपोर्ट जर्मन, म्हणून इंग्रजांच्या लेखी शत्रू; आणि ज्यू, म्हणून जर्मनीच्या लेखी शत्रू. गड तोच, पण पत्ता दुसऱ्याच माणसाचा.

नियम

तर 'दोन पत्ते' (पत्त्यांचा डाव नव्हे, राहण्याचे पत्ते!) याचा नियम असा. प्रत्येक भागात एकच माणूस. त्याचा एक पत्ता जर्मनीतला, एक आपल्याकडचा, म्हणजे मुंबई, पुणे किंवा कोकणातला. दोन्ही ठिकाणी आज जाऊन उभे राहता आले पाहिजे, निदान रस्त्यावर तरी. माणूस कोणत्या दिशेने गेला याला बंधन नाही. तिकडून इकडे आला तरी चालेल, इकडून तिकडे शिकायला गेला तरी चालेल. लांबी पंधरा मिनिटे. निवेदक एकटा.

नियम इतका घट्ट कशाला, असे कुणी विचारील. त्याचे कारण रोजच्या कामातले आहे. 'भारत आणि जर्मनीचे संबंध' असा विषय घेतला तर प्रत्येक भागाला 'आज काय सांगू' हा प्रश्न नव्याने पडतो. पत्ते दोनच म्हटले की काय शोधायचे, कुठे जायचे, कुठे थांबायचे, हे आधीच ठरलेले असते. आणि ऐकणाऱ्याला दुसऱ्याच भागापासून कळते की आता दुसरा पत्ता येणार.

साचा टिकेल की नाही याची परीक्षा सोपी आहे. एक शब्दही रेकॉर्ड करण्याआधी दहा भागांची यादी कागदावर लिहायची, आणि प्रत्येकासमोर दोन्ही पत्ते. यादी सातवर अडली तर साचा बदलायचा. माझ्या यादीतली चार नावे सांगतो, म्हणजे कल्पना येईल.

सलीम अली. पक्ष्यांचे शास्त्र शिकायला ते बर्लिनला गेले. पत्ता इनव्हालिडेनश्ट्रासेवरचे निसर्ग संग्रहालय, गुरू एर्विन श्ट्रेझेमान. परत आल्यावर नोकरी नव्हती, म्हणून अलिबागजवळ किहीमला राहिले आणि तिथे 1930 साली सुगरणीच्या घरट्यांचा तो गाजलेला अभ्यास केला. किहीम! आपल्यातल्या किहीमकरांना वेगळे सांगायला नको.

इरावती कर्वे. पत्ता बर्लिन-डालेम, इनेश्ट्रासे 22, तिथली मानववंशशास्त्राची संस्था. गुरू ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारे. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि गुरूच्या अपेक्षेला आधार मिळत नाही असे प्रबंधात लिहिले. दुसरा पत्ता पुण्याचे डेक्कन कॉलेज.

रुडी फॉन लायडन. जन्म बर्लिनचा, 1933 पासून मुंबईत. चित्रकलेचा समीक्षक म्हणून हुसेन, रझा यांच्या पिढीच्या पाठीशी उभा राहिला, आणि आपल्या गंजिफांचा मोठा संग्राहक झाला. पत्त्यांचा डाव नव्हे म्हटले, तरी पत्ते आलेच!

योझेफ व्हिर्शिंग. म्युनिकचा कॅमेरामन, दुसरा पत्ता मालाडची बॉम्बे टॉकीज. 'अछूत कन्या' त्याने टिपला, आणि आयुष्याच्या अखेरीस 'पाकीझा'ही.

एक भाग उलगडून : वाल्टर काउफमान

पहिल्या भागासाठी मी ज्याला निवडले त्याचे नाव आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असेल, पण त्याची धून सर्वांनी ऐकली आहे. सकाळी आकाशवाणी सुरू होण्याआधी तंबोऱ्यावर व्हायोलिन वाजायचे, ती. तिचा कर्ता म्हणून वाल्टर काउफमान याचे नाव घेतले जाते.

काउफमान ज्यू. जन्म 1907, कार्ल्सबाड या जर्मन बोलणाऱ्या गावी. ते आज चेक देशात आहे. संगीत शिकायला तो बर्लिनला आला. 1934 च्या फेब्रुवारीत, हिटलर सत्तेवर येऊन वर्ष झाले होते तेव्हा, तो मुंबईत उतरला. हिंदुस्थानच का, तर व्हिसा सहज मिळत होता म्हणून, असे कारण त्याने स्वतः दिले आहे. काही महिन्यांतच त्याने 'बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी' काढली. विलिंग्डन जिमखान्यात दर गुरुवारी त्यांचे वादन होई. व्हायोलिनवर मेहली मेहता, म्हणजे झुबिन मेहतांचे वडील. पुढे तो मुंबईच्या रेडिओ केंद्रात पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख झाला. 1946 मध्ये तो इंग्लंडला, मग कॅनडाला आणि शेवटी अमेरिकेला गेला. 1984 मध्ये तिथेच वारला.

आता पत्ते. बर्लिनच्या जुन्या पत्त्यांची मोठी सोय आहे. शहराची 'अड्रेसबूख' नावाची जाडजूड पत्तापुस्तके 1943 पर्यंतची बर्लिनच्या मध्यवर्ती ग्रंथालयाने digital.zlb.de वर फुकट ठेवली आहेत. त्यांत नावावरून घर शोधता येते, आणि रस्त्यावरून त्या घरात कोण कोण होते तेही. आपले कुणी त्या काळी बर्लिनला असेल तर जरूर बघा. पण त्यांची एक मर्यादा लक्षात ठेवावी : त्यांत घराच्या कर्त्याचे नाव असते. दुसऱ्याच्या घरी एक खोली घेऊन राहणारा विद्यार्थी त्यांत येत नाही. नाव सापडले नाही म्हणजे माणूस तिथे नव्हता असा अर्थ काढायचा नाही. बायकांचेही तेच, नवरा हयात असेतो त्यांचे नाव क्वचित दिसते.

म्हणून विद्यार्थ्याचा पत्ता त्याच्या शाळेचा धरायचा. काउफमान शिकला ते संगीत विद्यालय शार्लोटेनबुर्ग भागात हार्डेनबेर्गश्ट्रासे आणि फाझानेनश्ट्रासे यांच्या कोपऱ्यावर होते. इमारत आहे, आणि आजही तिथे संगीतच शिकवतात. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असल्या की फुटपाथवर उभे राहून कुणाचा तरी रियाझ ऐकू येतो. त्याची दोन मिनिटे मोबाईलवर घेतली की भागाची सुरुवात झाली. वेगळे संगीत शोधायला नको.

तिथून तोच फाझानेनश्ट्रासे धरून चालत निघालो की 79-80 क्रमांक लागतो. तिथे 1912 साली बांधलेले मोठे सिनेगॉग होते. नोव्हेंबर 1938 मध्ये ते जाळले. 1959 पासून त्या जागी ज्यू समाजाचे भवन उभे आहे आणि जुन्या सिनेगॉगच्या दरवाजाचा दगडी भाग त्यात बसवलेला आहे. एकाच रस्त्यावर विद्यालय आणि सिनेगॉग. काउफमानचे गुरू फ्रान्झ श्रेकर त्या विद्यालयाचे संचालक होते. वडील ज्यू, म्हणून त्यांना ती जागा सोडावी लागली आणि 1934 च्या मार्चमध्ये ते वारले. गुरू गेला तेव्हा शिष्य मुंबईत नुकता उतरला होता. दोन पत्ते शेजारी ठेवले की अशी गोष्ट आपोआप दिसते; तारखांच्या यादीत ती हरवते.

मुंबईचा पत्ता वॉर्डन रोडजवळचे रेवा हाऊस. इथे दुसरी अडचण. वॉर्डन रोड आता भुलाभाई देसाई मार्ग आहे. मुंबईत रस्त्याचे नाव बदलते, पण इमारतीचे नाव लोकांच्या तोंडी राहते, म्हणून शोध इमारतीच्या नावाने घ्यावा. बर्लिनमध्ये उलटे आहे. तिथे इमारतीला नाव नसते, क्रमांक असतो, आणि जुन्या काही रस्त्यांवर क्रमांक एका बाजूने शेवटपर्यंत जाऊन दुसऱ्या बाजूने परत येतात. 1 च्या समोर 2 असेल असे समजून शोधणारा माणूस दुसऱ्याच घरासमोर उभा राहून फोटो काढतो. यावर उपाय एकच, त्याच वर्षाच्या पत्तापुस्तकात कोपऱ्यावरच्या रस्त्यांची नावे बघून घर पक्के करायचे.

आणि एक माणूस राहिला. काउफमानची बायको गर्टी. ती लेखक फ्रान्झ काफ्काची भाची, त्याची बहीण एली हिची मुलगी. काफ्काच्या तिन्ही बहिणी नाझींच्या हाती गेल्या. गर्टी मुंबईला आली म्हणून वाचली. भागाचा जीव इथे आहे, आणि तो निवेदकाने रंगवून सांगायची गरज नाही. पत्ता सांगायचा, वर्ष सांगायचे, आणि थोडे थांबायचे.

कानाला तळटीप कशी द्यावी

छापील लेखात खात्री नसेल तर तळटीप देता येते. ऐकणाऱ्याला तळटीप दिसत नाही. 'असे म्हणतात' हे शब्द कानावरून निसटतात आणि ऐकीव गोष्ट खरी म्हणून मनात बसते. हौशी इतिहासकाराचे नाव खराब होते ते बहुधा याच ठिकाणी. म्हणून मी तीन ठरीव वाक्ये ठेवली आहेत, आणि ती प्रत्येक भागात तशीच्या तशी येतात : 'हे कागदावर आहे', 'हे आठवणीत आहे', 'हा माझा अंदाज आहे'.

काउफमानवर लावून बघू. त्याचे शिक्षण, मुंबईला येणे, रेडिओतली नोकरी : कागदावर आहे. आकाशवाणीची धून त्याने बांधली आणि व्हायोलिन मेहली मेहतांनी वाजवले : बहुतेक सगळे असेच सांगतात, पण त्या धुनेसाठी इतरांचीही नावे घेतली गेली आहेत, म्हणून हे आठवणीत आहे. धून शिवरंजनीच्या अंगाची आहे, हे जाणकारांच्या कानाचे मत. आणि आपल्या एखाद्या बेने इस्राएल वादकाने त्याच्याबरोबर वाजवले असेल का? हा माझा अंदाज, त्यापलीकडे काही नाही. दोन भाग ऐकले की श्रोता स्वतःच विचारू लागतो, 'हे कागदावर आहे का हो?' तेच हवे आहे.

बांधणी आपल्या कीर्तनाची

पंधरा मिनिटे एकट्याने बोलायचे तर बांधणी हवी. जर्मन कार्यक्रमांत त्यासाठी दोन आवाज किंवा मध्ये मध्ये संगीत वापरतात. आपल्याकडे याहून जुनी सोय आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या लोकांनी कीर्तन उचलले, आणि योसेफ, मोशे, एलियाहू हनबी यांची आख्याने साकी-दिंडीत बांधली. आपल्यातल्या अनेकांनी लहानपणी ती ऐकली असतील. कीर्तनात आधी पूर्वरंग, म्हणजे सांगायचे तत्त्व. मग उत्तररंग, म्हणजे आख्यान. आणि मध्ये मध्ये परत येणारे ध्रुपद.

ध्रुपदाचे काम फार व्यवहारी आहे. पुस्तक वाचणारा दोन पाने मागे जाऊ शकतो, ऐकणारा जाऊ शकत नाही. तो चहा ठेवायला उठतो, परत येतो, आणि धागा तुटलेला असतो. ध्रुपद आले की तो परत जागेवर येतो. 'दोन पत्ते'मध्ये पत्ता हेच ध्रुपद. दर तीनचार मिनिटांनी तो पूर्ण म्हणायचा : 'फाझानेनश्ट्रासे, शार्लोटेनबुर्ग, बर्लिन.' उत्तरार्धात : 'रेवा हाऊस, वॉर्डन रोड, मुंबई.'

वेळ अशी वाटली आहे. पहिली तीन मिनिटे पूर्वरंग : जर्मनीतल्या पत्त्यावरचा आवाज, आणि आजचा प्रश्न एका वाक्यात. काउफमानसाठी तो प्रश्न असा : घर सोडून आलेल्या माणसाने आपल्या सकाळीची धून कशी काय बांधली? मग नऊ मिनिटे आख्यान. शेवटची तीन मिनिटे दुसऱ्या पत्त्यावर, आणि श्रोत्यांना एक प्रश्न. मी सावकाश वाचतो तेव्हा मिनिटाला सुमारे शंभर ते एकशेदहा शब्द होतात. म्हणजे एका भागाला साधारण सोळाशे शब्द लिहावे लागतात, आणि नावे आठाच्या वर गेली की ऐकणारा गोंधळतो.

आपल्या वयाच्या श्रोत्यांसाठी आणखी एक पथ्य. बोलण्याखाली संगीत लावायचे नाही. कान थकले की आवाजातून आवाज वेगळा काढता येत नाही. तरुणाला जे गोड वाटते ते आपल्याला गलका वाटते. रस्त्याचा आवाज बोलण्याच्या आधी किंवा नंतर, बोलण्याखाली नाही. रेकॉर्डिंगला कपड्यांचे उघडे कपाट समोर असले तरी पुरते. कपडे घुमणारा आवाज शोषून घेतात. बाहेर वाऱ्यात मोबाईलच्या माइकवर पातळ पायमोजा चढवला की फरफर कमी होते.

जिथे हात आखडावा लागतो

धून वाजवून दाखवावी असे कुणालाही वाटेल. जर्मनीत कर्त्याच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षे हक्क राहतो. काउफमान 1984 मध्ये गेला; धून त्याची धरली तर 2054 संपेपर्यंत ती मोकळी होत नाही. शिवाय रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा. परवानगी काढायची तर इथे 'गेमा' नावाची संस्था आहे, पण हौशी माणसाला तो खर्च आणि पत्रव्यवहार नको होतो. मी ती वाजवणार नाही. आपल्या श्रोत्यांना वाजवून दाखवायची गरजही नाही. 'सकाळी बातम्यांच्या आधी, तंबोऱ्यावर व्हायोलिन' एवढे म्हटले की ती प्रत्येकाच्या कानात सुरू होते.

दुसरी गोष्ट हयात माणसांच्या आवाजाची. मावशीला फोन लावला, ती बोलत गेली आणि आपण गुपचूप रेकॉर्ड करून ठेवले, असे आपल्या घरांत सहज होते. जर्मनीत समोरच्याला न सांगता त्याचे खासगी बोलणे रेकॉर्ड करणे हा गुन्हा आहे. आधी विचारायचे, आणि तिचे 'हो, चालेल' हेही रेकॉर्डमध्ये ठेवायचे. नंतर तिची नातवंडे विचारतील तेव्हा तोच कागद.

तिसरी मर्यादा साच्याचीच आहे. ज्याचे कुठेच नाव लागले नाही त्याची गोष्ट 'दोन पत्ते'मध्ये बसत नाही. प्राध्यापक, कलावंत, कॅमेरामन यांचे पत्ते सापडतात. त्यांच्या घरी स्वयंपाक करणारी बाई किंवा ज्या चाळीत निर्वासित कुटुंबाला पहिला महिना काढता आला तिथले शेजारी, यांचे पत्ते कुठल्याच पत्तापुस्तकात नाहीत. मुंबईत 1934 साली 'ज्यूइश रिलीफ असोसिएशन' स्थापन झाली आणि तिने अशा कुटुंबांना मदत केली. संस्थेचे कागद असतात, पण कुणाच्या ओट्यावर कोण बसले ते कागदात नसते.

ती अर्धी बाजू फक्त तुमच्याकडे आहे. 1940 साली जे मूल सहा वर्षांचे होते ते आज नव्वदीच्या पलीकडे आहे. म्हणून प्रत्येक भागाच्या शेवटी एक प्रश्न ठेवला आहे, आणि पहिल्या भागाचा प्रश्न इथेच विचारतो, कारण उत्तर आधी हाती आले तर भागात घालता येईल. भायखळा, माझगाव, उमरखाडी, डोंगरी किंवा पुण्याच्या रास्ता पेठेत तुमच्या लहानपणी कुणी 'जर्मन' ज्यू माणूस राहत होता का? डॉक्टर, दंतवैद्य, शिक्षिका, कोणीही. नाव आठवत नसेल तर चालेल. इमारतीचे नाव सांगा, मजला सांगा, दारावर मझूझा होती की नव्हती ते सांगा. 'हे आठवणीत आहे' असे म्हणून मी ते जसेच्या तसे ठेवीन, आणि दुसरा पत्ता इकडे बर्लिनच्या पुस्तकांत शोधीन.